पूर्ण वेळ म्हणजे किती?

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक साधा भागाकार येऊन अडकला होता. एका विडी कामगाराला चार दिवसांच्या भरपगारी रजेचे पैसे द्यायचे की नाही, असा प्रश्न होता. द्यायचे तर किती, हे कारखाना कायद्याच्या कलम ८० मध्ये लिहिलेलं होतं. रजेच्या आधीच्या महिन्यात कामगाराने ज्या दिवशी प्रत्यक्ष काम केलं, त्या दिवसांची 'पूर्ण वेळाची कमाई' घ्यायची आणि तिची रोजची सरासरी काढायची. महिन्याचा पगार असेल तर हे गणित चौथीतलं पोरही करेल. पण हा माणूस हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मजुरी घेत होता. त्याने दिवसाला किती विड्या वळल्या, हे वहीत होतं. किती तासांत वळल्या, हे कुठेच नव्हतं. मग त्याची 'पूर्ण वेळाची' कमाई कोणती?

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तो कामाच्या निमित्ताने. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आमच्या पगार-प्रणालीत नगावर काम करणाऱ्यांसाठी एक भाग लिहायचा होता. किती नग, काय दर, गुणाकार, झालं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. त्यापुढे एक ओळ होती: 'किमान वेतनापेक्षा कमी पडत असेल तर फरक जोडा.' त्या एका ओळीच्या मागे जाता जाता मी साठ वर्षं मागे पोहोचलो.

मी मूळचा हरसूलचा. नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. आमच्याकडे 'पीस रेट' हा शब्द कुणी वापरत नाही, पण 'उक्तं' सगळ्यांना कळतं. भात आणि नागली निघाली की माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर जातात. तिथे छाटणी एकरावर ठरते, रोजावर नाही. माझी मावशी गेली काही वर्षं नाशिकमध्ये राहते आणि एका छोट्या युनिटमध्ये परकर शिवते, नगावर. तिची एक वही आहे. तिच्याकडे पुढे येतोच, आधी ते दोन निकाल.

दोन निकाल म्हणजे एकाच न्यायालयाने एका वर्षाच्या आत दिलेले आणि एकमेकांच्या उलट गेलेले. पहिला नागपूरचा, बिरधीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्याचा. काही कामगारांनी पंधरा दिवसांची रजा मागितली, घेतली आणि तिचे पैसे मागितले. मालकाचं म्हणणं, हे माझे कामगारच नाहीत. हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, जेवढं वळतात तेवढ्याचे पैसे नेतात. न्यायालयाने बारकाईने पाहिलं तेव्हा हे 'हवे तेव्हा' जरा आकसलं. कामगारांची हजेरी लागत होती. दुपार उलटल्यावर येणाऱ्याला त्या दिवशी काम दिलं जात नव्हतं. विडी ठरल्या दर्जाची नसेल तर मालक ती नाकारू शकत होता. म्हणजे येण्याजाण्याची मोकळीक होती, पण तिला कुंपण होतं. न्यायालय म्हणालं, हे कामगारच आहेत, रजेचे पैसे द्या.

दुसरा निकाल शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१च्या ऑक्टोबरमधला. सुरुवातीला सांगितलेला चार दिवसांचा प्रश्न इथला. इथला कामगारही कारखान्यात येऊन विड्या वळत होता. पानं घरी नेऊन कापायची, तंबाखू कारखान्यात मिळायचा, संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या, खराब निघतील त्या बाद. पण इथे दुपारची अट नव्हती. कितीही वाजता यावं, कितीही वाजता जावं. दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहिलं तरी चालत होतं, आणि त्याहून जास्त राहायचं तर कळवायचं, तेही परवानगीसाठी नव्हे. काम सोडलेलं नाही एवढं मालकाला कळावं म्हणून. दिवसाला किमान इतक्या विड्या झाल्याच पाहिजेत, असंही बंधन नव्हतं. दोन न्यायमूर्तींच्या बहुमताने ठरलं की हा कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी असहमती नोंदवली; त्यांच्या मते तो कामगारच होता.

बहुमताच्या निकालात मला खरा रस वाटला तो त्या भागाकारापाशी. त्यांचा युक्तिवाद साधारण असा: पूर्ण वेळाची कमाई म्हणजे दिवसाचे ठरलेले तास पूर्ण काम करून मिळवलेली कमाई. या माणसाचे तास ठरलेलेच नाहीत. त्याला पैसे वेळेचे मिळत नाहीत, विड्यांचे मिळतात. मग पूर्ण वेळ कशाला म्हणायचं आणि सरासरी कशाची काढायची? गणित सुटत नाही, याचा अर्थ हे कलम अशा माणसासाठी लिहिलेलंच नाही.

प्रोग्रॅमरच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे फार ओळखीचं आहे. तक्त्यात एक रकाना रिकामा आहे, त्यामुळे भागाकार होत नाही. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. रकाना का रिकामा आहे ते विचारायचं, किंवा ती नोंदच यादीतून काढून टाकायची. बहुमताने दुसरी गोष्ट केली, असं माझं मत झालं. कारण तास लिहिणं कामगाराच्या हातात नव्हतं. कारखाना मालकाचा, दार मालकाचं, वहीसुद्धा मालकाची. जो रकाना त्याने भरला नाही, त्याचाच फायदा त्याला मिळाला.

आता रजा सोडून किमान वेतनाकडे येऊ, कारण तिथेही हाच रकाना लागतो.

नगावर काम करणाऱ्याला किमान वेतन मिळतंय का, हा प्रश्न कायद्यात मांडला गेला त्यात शिंप्यांचा वाटा होता. इंग्लंडमध्ये १९०९ साली ट्रेड बोर्ड्स कायदा झाला. सुरुवातीला ज्या चार धंद्यांना तो लागू केला त्यांत तयार कपड्यांचं शिवणकाम होतं. बाकीचे तीन म्हणजे साखळ्या घडवणं, कागदी खोकी बनवणं आणि लेसचं काम. लंडनमधल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये बायका नगावर कोट आणि पँटी शिवत, आणि त्यांची ताशी कमाई काढली की ऐकणाऱ्याला लाज वाटे. तासाचा किमान दर ठरवणं सोपं होतं, पण या बायकांना तासावर पैसे मिळतच नव्हते. म्हणून कायद्यात एक तोड काढली. नगाचा दर असा हवा की त्या दराने 'सामान्य कामगार' निदान तासाच्या किमान दराइतकं कमवेल. आणि तो कमवतो, हे मालकाने दाखवून द्यायचं.

यात एक फट आहे. 'सामान्य कामगार' हा कुणी एक माणूस नव्हे. दर सामान्याला पुरला की कायद्याचं समाधान होतं. मग एखादी हळू हाताची, म्हातारी किंवा नवी शिकाऊ बाई त्याच्या खाली राहिली तरी दराला दोष येत नाही.

आपला १९४८चा किमान वेतन कायदा या बाबतीत थोडा पुढे गेला. त्यात सरकारला दोन वाटा दिल्या. पहिली वाट म्हणजे नगाचाच किमान दर ठरवायचा, जसा विड्यांच्या बाबतीत हजारामागे ठरतो. दुसरी वाट म्हणजे फक्त वेळेचा किमान दर ठरवायचा. दुसऱ्या वाटेसाठी कलम १७ होतं, अगदी एका वाक्याचं: नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या किमान दरापेक्षा कमी देता येणार नाही. इथे 'सामान्य कामगार' नाही. इथे समोर बसलेली एक बाई आहे आणि तिचे तास आहेत. २०१९च्या वेतन संहितेने १९४८चा कायदा मागे टाकला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली, आणि हे वाक्य तिच्या कलम १२ मध्ये जवळपास तसंच आलं.

त्या जुन्या कायद्यातलं आणखी एक कलम, १५वं, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. कामगाराने दिवसाच्या ठरल्या तासांपेक्षा कमी काम केलं तरी त्या दिवसाचं पूर्ण वेतन द्यायचं. मुख्य अपवाद तो स्वतः काम करायला तयार नसेल तेव्हाचा. मालकाने कामच दिलं नाही, हे कारण मालकाच्या बाजूने मोजायचं नाही. नगाच्या धंद्यात या कलमाची गरज रोज पडते आणि त्याची आठवण कुणालाच नसते.

विडी कामगारांचा पेच संसदेने १९६६ साली सोडवला. विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला आणि घरी बसून विड्या वळणाऱ्यालाही त्याने कामगार म्हटलं. रजेच्या पैशांसाठी त्यात 'दिवस' या शब्दाची व्याख्या केली होती. घरी काम करणाऱ्याच्या बाबतीत मध्यरात्रीपासून पुढच्या चोवीस तासांत जो काही वेळ विड्या वळण्यात गेला, तो एक दिवस. वाजेंच्या निकालात अडलेला भागाकार एका व्याख्येने सुटला. तास माहीत नसले तरी चालतील, दिवस मोजा. रजेपुरती ही युक्ती छान आहे. किमान वेतनाला ती पुरत नाही, कारण तिथे त्या दिवसात किती तास गेले हे विचारावंच लागतं.

शिंप्यांचा प्रश्न मात्र संसदेऐवजी न्यायालयातच सुटला. १९७३ साली हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. दुकानातले शिंपी नगावर काम करत. सगळ्यांचा दर एक नव्हता. हात किती चांगला आणि कपडा कोणता यावर तो ठरे. एखाद्याला दुसऱ्या दिवशी यायचं नसेल तर रजेचा अर्ज लागत नसे. दिवसभर बसायचं बंधन नव्हतं, आणि काही जण कपडा घरीही नेत. वाजेंच्या निकालाशी ताडून पाहिलं तर हे कामगार ठरायला नकोत. पण न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं. कपडा कसा शिवायचा हे मालक सांगतो. तसा शिवला नाही तर तो परत देऊन पुन्हा शिवायला लावतो. ऐकलं नाही तर पुढचं काम देत नाही. आणि शिवणयंत्रं बहुतेक मालकाची आहेत. येण्याजाण्याची मोकळीक असली तरी शिलाईवर मोकळीक नाही. ते कामगार ठरले.

'ऑल्टर' परत येणं, म्हणजे उसवून पुन्हा शिवायला लागणं, ही शिवणकामातली सगळ्यात जाच करणारी गोष्ट. तीच त्या शिंप्यांना कामगार ठरवायला कामी आली, याची मला गंमत वाटते.

आता मावशीची वही. शाळकरी दोनशे पानी वही आहे आणि तिच्यात ती रोजचे नग लिहिते, कारण युनिटच्या वहीवर तिचा भरवसा नाही. मी एका आठवड्याचं पान घेतलं. युनिट कुठलं हे सांगत नाही, आणि दर व किमान वेतन हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत: परकरामागे ८ रुपये आणि किमान वेतन आठ तासांच्या दिवसाला ४५० रुपये. म्हणजे ताशी ५६ रुपये २५ पैसे.

सोमवारी ६२ नग, मंगळवारी ५८, बुधवारी ३१, गुरुवारी ६०, शुक्रवारी ६४, शनिवारी ५७. एकूण ३३२ नग, म्हणजे २,६५६ रुपये. सहा दिवसांचं किमान वेतन २,७०० रुपये. आठवड्याचा हिशेब आठवड्याला केला तर फरक ४४ रुपयांचा. युनिटमधला हिशेबनीस याहून जास्त काही करणार नाही, आणि तो वाईट माणूस असेलच असंही नाही. मीही प्रणालीत पहिल्यांदा हेच लिहिलं असतं.

आता दिवस सुटे करून पाहू. सोमवारी ४९६ रुपये, किमान वेतनाच्या वर. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे चारही दिवस ४५०च्या वर. फक्त बुधवारी २४८. मी मावशीला विचारलं, बुधवारी काय झालं?

"कटिंगच आलं नाही दुपारपर्यंत. दोन वाजता बंडलं आली."

"मग तोवर काय केलंस?"

"काय करणार? बसून होते. धागे कापले जुन्या मालाचे."

हे झालं कलम १५. ती आली होती, बसली होती, काम तयार नव्हतं. त्या दिवशी ४५० द्यायलाच हवेत, म्हणजे २०२ रुपयांचा फरक. आठवड्याच्या हिशेबात हाच फरक ४४ झाला, कारण इतर पाच दिवशी तिने जोरात हात चालवून कमावलेले जास्तीचे रुपये बुधवारच्या खड्ड्यात ओतले गेले. माल वेळेवर न आणण्याची किंमत तिच्या सोमवारच्या चपळाईतून वसूल झाली. किमान वेतन आठवड्यावर तपासायचं की दिवसावर, हा हिशोबाच्या सोयीचा प्रश्न वाटतो, पण काम न देण्याचं नुकसान कुणी सोसायचं हे त्यातच ठरतं. जुन्या कायद्याचं कलम १५ 'दिवस' असं स्पष्ट म्हणतं, म्हणून मी दिवसाच्या बाजूने आहे.

खरी गंमत मात्र शुक्रवारची. शुक्रवार हा तिचा सगळ्यात चांगला दिवस, ६४ नग, ५१२ रुपये. वहीत या आकड्याभोवती तिने गोल केला होता. मी सहज वेळ विचारली.

"शुक्रवारी माल जायचा होता ना. रात्री साडेआठला सुटलो."

सकाळी दहाची सुरुवात, मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे दहा तास. ६४ भागिले १०, तासाला साडेसहाहून कमी नग, ताशी ५१ रुपये २० पैसे. किमान ५६ रुपये २५ पैसे. जो दिवस वहीत सगळ्यात भारी, तोच तासावर मोजला की किमान वेतनाच्या खाली. वर, आठ तासांपुढच्या दोन तासांचा दर दुप्पट धरायला हवा. आठ तासांचे ४५० आणि जादा दोन तासांचे २२५ मिळून ६७५ होतात, आणि मिळाले ५१२. फरक १६३ रुपयांचा. जुन्या कारखाना कायद्यात जादा तासांचा दुप्पट दर काढताना नगावरच्या कामगाराची मागच्या महिन्यातली सरासरी कमाई घेत, त्यामुळे रक्कम याहून थोडी जास्त आली असती. मी इथे फक्त किमान पातळी पाहतोय.

शनिवारी ५७ का, तर शुक्रवारी रात्री थकलेल्या हाताने शिवलेले पाच परकर ऑल्टरला परत आले. ते उसवून शिवायचे पैसे नाहीत.

तर एकाच आठवड्याची, एकाच बाईची तीन उत्तरं निघाली. आठवड्यावर पाहिलं तर फरक ४४ रुपये, दिवसावर पाहिलं तर २०२, आणि तासही लिहिले तर ३६५. नग तिन्ही वेळा तेच. युनिटच्या वहीत फक्त नग आहेत, त्यामुळे तिथून दुसरं उत्तर निघालं तरी तिसरं कधीच निघणार नाही. तपासनीस आला आणि त्याने फक्त नगांची वही पाहिली, तर शुक्रवार त्याला या आठवड्यातला सगळ्यात कायदेशीर दिवस वाटेल.

वहीवरून हे ओळखायची एक खूण मला सापडली. नगांचा आकडा अचानक खाली गेला तर काम आलं नव्हतं का, हे विचारायचं. तो अचानक वर गेला आणि दुसऱ्या दिवशी ऑल्टर वाढले, तर किती वाजता सुटलात, हे विचारायचं. माणसाचा हात एका दिवसात वेगवान होत नाही.

हरसूलच्या माणसाला हा तासांचा हिशेब वाटतो तितका परका नाही. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आदिवासी भागात तिच्यावर रस्ते, बांध, नाले झाले. तिथेही मजुरी मोजमापावर होती. किती घनमीटर माती खणली, तेवढे पैसे. पण दर ठरवताना तत्त्व वेळेचं होतं. साधारण माणसाने सात तास मन लावून काम केलं तर किमान वेतनाइतकी मजुरी निघावी, असे दर बांधायचे. त्यासाठी मातीचे प्रकार केलेले होते. मऊ मातीला एक दर, मुरमाला जास्त, खडकाला त्याहून जास्त. माती किती लांब टाकायची आणि किती उंच चढवायची, यालाही वेगळे पैसे. या दरांत आणि मोजमापात भानगडी झाल्या, त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण कल्पना सरळ होती: खडक खणणाऱ्याला मऊ मातीचा दर दिलात तर तो कितीही राबला तरी किमान वेतनाला पोचणार नाही.

मावशीच्या युनिटमध्ये मुरूम आणि खडक हा भेदच नाही. सुती परकर आणि बुळबुळीत सॅटिनचा परकर, दोन्ही ८ रुपये. सॅटिन पायाखाली सरकतं, शिवण वाकडी जाते, वेग निम्म्यावर येतो. पन्नास वर्षांपूर्वी खड्डा मोजणाऱ्या मुकादमाला जे कळत होतं, ते परकर मोजणाऱ्याला कळू नये असं काही नाही. फक्त तसा दर लावायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

दर नेमका किती हवा, हे काढायची एक बऱ्यापैकी पद्धत आज ब्रिटनमध्ये आहे. १९०९च्या त्या 'सामान्य कामगारा'ची फट तिथे नंतर एका आकड्याने भरली. मालकाने आपल्या कामगारांची चाचणी घेऊन तासाला सरासरी किती नग होतात हे काढायचं, मग त्या संख्येला १.२ ने भागायचं. त्या कमी झालेल्या संख्येला किमान ताशी वेतन निघेल, असा नगाचा दर द्यायचा. म्हणजे सरासरीहून हळू असलेली बाईही बहुधा किमान वेतनाला पोचते. मावशीच्या युनिटला हे लावून पाहिलं. समजा, चाचणीत सरासरी तासाला ८ परकर आले. ८ भागिले १.२ म्हणजे ६.६७. ५६ रुपये २५ पैसे भागिले ६.६७, म्हणजे परकरामागे ८ रुपये ४४ पैसे. ४४ पैशांचा फरक. पण चाचणी कुणाची घेतली, हे बघावं लागेल. युनिटमध्ये दर ठरवताना बहुतेक वेळा सगळ्यात चपळ मुलीसमोर घड्याळ धरतात. तिला सगळं कापड कापून, जुळवून, नाडा ओवून हातात देतात आणि मग तिच्या आकड्याला सरासरी म्हणतात. मावशी तिला 'मशीनवाली पोरगी' म्हणते. यंत्रावर बसणारी नव्हे, यंत्रासारखी शिवणारी.

आणि एकदा ठरलेला दर कुठे थांबतो, तेही पाहिलं पाहिजे. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. भत्ता महागाईच्या निर्देशांकावर दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यातून निघालेल्या महिन्याच्या रकमेला २६ ने भागून रोज काढतात. हा २६चा आकडा आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांसाठी औद्योगिक न्यायालयाने १९४७ साली ३० रुपयांचं किमान मूळ वेतन ठरवलं, तेही २६ दिवसांच्या महिन्याचंच. रोजावरच्या कामगाराचा भत्ता वाढला की त्याच्या हातात पैसे वाढतात. नगावरच्या कामगाराचा दर मात्र कुणी हलवल्याशिवाय हलत नाही.

मावशीचा ८ रुपये दर गेल्या दिवाळीपासून तोच आहे. रोज ४५० असताना किमान वेतन गाठायला तिला एक परकर ८ मिनिटं ३२ सेकंदांत शिवावा लागतो. भत्त्याने रोज ४६२ झाला की ८ मिनिटं १९ सेकंदांत. आणखी सहा महिन्यांनी ४७४ झाला की ८ मिनिटं ६ सेकंदांत. दर सहा महिन्यांनी परकरामागे तेरा सेकंद. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण नाडा ओवायलाच तेवढा वेळ लागतो रे."

वहीत आता तिने एक रेघ ओढून नवा रकाना केला आहे. त्यात ती आल्याची आणि सुटल्याची वेळ लिहिते.